फर्मचं नाव नव्हे, फंडाचं नाव शोधा

प्रश्न: आमची कंपनी एका प्रायव्हेट इक्विटी फर्मने विकत घेतली. बातमीत फर्मचं नाव आहे, पण खरा मालक कोणता फंड आहे हे कसं शोधायचं? आणि ते कळून मला काय उपयोग?

बातमीत ज्या फर्मचं नाव येतं ती सहसा मालक नसते, व्यवस्थापक असते. पैसा पेन्शन फंड, विमा कंपन्या, विद्यापीठांचे निधी यांचा असतो. तो एका ठरावीक फंडात जमा होतो आणि तुमची कंपनी त्या फंडाच्या वतीने घेतली जाते. एकच फर्म एका वेळी तीन-चार फंड चालवत असते आणि प्रत्येकाचं वय वेगळं असतं. तुमच्या दृष्टीने ते वयच महत्त्वाचं आहे. त्याकडे पुढे येतो, आधी शोधायचं कसं ते.

ब्रिटनमधल्या मॉरिसन्स या सुपरमार्केट साखळीचं उदाहरण घेऊ, कारण तिथली कागदपत्रं कुणालाही फुकट पाहता येतात. ऑक्टोबर 2021 मध्ये क्लेटन, डुबिलियर अँड राइस या अमेरिकी फर्मने शेअरमागे 287 पेन्स देऊन ती जिंकली. प्रतिस्पर्धी फोर्ट्रेसची बोली 286 पेन्सची होती. शेअर्सची एकूण किंमत सुमारे 7 अब्ज पौंड झाली. पण कागदावर खरेदीदार ना ती फर्म होती, ना थेट तिचा फंड. खरेदीदार होती Market Bidco Limited, याच सौद्यासाठी काढलेली एक नवी कंपनी. अशा प्रत्येक सौद्यात कंपन्यांची एक उतरंड असते: सर्वांत खाली तुमची कंपनी, तिच्यावर बोली लावणारी कंपनी, मधे कर्ज घेणाऱ्या एक-दोन, आणि वर एक शिखर कंपनी. फंड या सगळ्यांच्याही वर.

ही उतरंड चढायला कंपनीज हाउस या ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका, People या भागात जा आणि तिथे Persons with significant control पाहा. तिथे 25 टक्क्यांहून जास्त हिस्सा किंवा नियंत्रण असणाऱ्याचं नाव असतं. बहुतेकदा ते लगेच वरच्या कंपनीचं निघतं. मग ती कंपनी शोधा, तिच्या वरची शोधा, असं चढत राहा. ही वाट बहुधा ब्रिटनच्या सीमेवर अडते. पुढचा मालक लक्झेंबर्ग किंवा केमन बेटांवरचा असला, तर नोंदवण्याजोगी कोणतीही व्यक्ती नाही, एवढंच एक वाक्य दिसतं. मालक लपवला आहे असा अर्थ त्यातून लगेच काढू नका. फंडात गुंतवणूकदार खूप असतात आणि कुणा एका व्यक्तीचा हिस्सा 25 टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणूनही तसं लिहिलेलं असतं.

वाट अडली की शिखर कंपनीचा वार्षिक हिशेब Filing history मधून उतरवा आणि थेट शेवटच्या टिपांकडे जा. अंतिम मालक आणि अंतिम नियंत्रक कोण, हे सांगणारी टीप तिथे असते. फंडाचं पूर्ण नाव मिळालं तर बहुधा इथेच मिळतं. कंपनी आधी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर आणखी एक चांगला स्रोत आहे: भागधारकांना पाठवलेला ऑफरचा दस्तऐवज. बोली लावणाऱ्याची मालकी, पैसा कुठून येतो आणि नोकऱ्या व पेन्शनबाबतचा इरादा हे त्यात सांगावंच लागतं.

फंडाचं नाव हाती आल्यावर फर्म अमेरिकी नियामकाकडे नोंदलेली असेल, तर adviserinfo.sec.gov वर तिने नियामकाला दिलेलं माहितीपत्रक, म्हणजे Form ADV, उघडा. त्यातल्या Section 7.B.(1) मध्ये प्रत्येक खासगी फंडाचं नाव, तो कुठे नोंदला आहे आणि त्याची एकूण मालमत्ता असते. कोणत्या फंडाकडे कोणती कंपनी आहे, हे मात्र तिथे नसतं. ती सांगड हिशेबाच्या टिपेतलं नाव जुळवून तुम्हालाच घालावी लागते. फंडाची सुरुवात कधी झाली ते, फंडाने गुंतवणूकदारांना हिस्से विकताना त्याच नियामकाकडे भरलेल्या Form D मधल्या पहिल्या विक्रीच्या तारखेवरून कळतं. मोठे सरकारी पेन्शन फंडही आपण कोणत्या फंडात कोणत्या वर्षी पैसे घातले याच्या याद्या प्रसिद्ध करतात. कॅलिफोर्नियाच्या कॅलपर्सची यादी मला नेहमी उपयोगी पडते.

आता उपयोगाचं. अशा फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं ठरलेलं असतं आणि गुंतवणूकदारांच्या संमतीने वर्ष-दोन वर्षं वाढतं. खरेदी पहिल्या पाच-सहा वर्षांत होते, नंतर विकून पैसे परत करायचे असतात. समजा, फंड 2018 चा आहे आणि तुमची कंपनी त्याने 2023 मध्ये घेतली. मग 2028 पर्यंत, फार ताणलं तर 2030 पर्यंत, तिला नवा मालक शोधावा लागणार. त्याच फंडाने 2019 मध्ये घेतलेल्या कंपनीला जास्त सवड मिळाली. फर्मचं नाव दोन्हीकडे सारखं, पण एका ठिकाणी पाच-सात वर्षांत फळ देणाऱ्या गुंतवणुकीला होकार मिळू शकतो, दुसरीकडे तोच प्रस्ताव फेटाळला जाईल, कारण फळ पुढच्या मालकाच्या पदरात पडणार. व्यवस्थापनाचे निर्णय समजून घ्यायला मला याहून उपयोगी माहिती दुसरी दिसत नाही.

मॉरिसन्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. त्याच फर्मने 2015 मध्ये मोटर फ्युएल ग्रुप ही पेट्रोल पंपांची साखळी घेतली होती. दोन्ही एकाच नियंत्रणाखाली आल्याने ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने आक्षेप घेतला आणि 87 पंप विकायची तयारी दाखवल्यावर सौदा मार्गी लागला. पुढे 2024 मध्ये मॉरिसन्सने आपले 337 पंप सुमारे 2.5 अब्ज पौंडांना याच ग्रुपला विकले आणि त्यात सुमारे 20 टक्के हिस्सा घेतला. विकणारा आणि घेणारा दोन्ही एकाच व्यवस्थापकाकडे. अशा व्यवहारात दोन्ही बाजूंना वेगवेगळे फंड असले, तर किंमत थोडी वरखाली होताच एका फंडाच्या गुंतवणूकदारांचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यात जातो. नुसतं फर्मचं नाव पाहणाऱ्याला हा प्रश्नच पडणार नाही.

कर्जाकडेही पाहा. खरेदीसाठी काढलेलं कर्ज सहसा फंडाच्या डोक्यावर नसतं, ते या उतरंडीतल्या कंपन्यांवर असतं आणि तारण तुमच्या कंपनीची मालमत्ता असते. कंपनी बुडाली तर फंड घातलेले पैसे गमावतो, पण स्वतंत्र हमी दिली नसेल तर बाकी देणी त्याच्यावर येत नाहीत. कंपनीज हाउसवरच्या Charges या भागात तारणाची तारीख दिसते. तिथलं बँकेचं नाव अनेकदा सर्व सावकारांच्या वतीने तारण सांभाळणाऱ्याचं असतं, त्यामुळे कर्ज तिनेच दिलं असं धरू नका. खरेदीनंतर दोन-तीन वर्षांनी नवं तारण दिसलं आणि त्याच वर्षीच्या हिशेबात वर मोठा लाभांश गेलेला दिसला, तर बहुधा कर्ज काढून मालकाने पैसे उचलले आहेत. त्याचं व्याज कंपनीच भरणार.

हिशेबातली अंतिम मालकाची टीप दरवर्षी नव्याने वाचा. फंडाची मुदत संपत आली आणि बाहेर मनासारखा ग्राहक मिळाला नाही, तर फर्म कधीकधी कंपनी आपल्याच नव्या फंडाला विकते, ज्याला कंटिन्युएशन फंड म्हणतात. फर्म तीच राहते, संचालकही बहुधा तेच राहतात, बातमी येतेच असं नाही. टिपेतलं अंतिम मालकाचं नाव मात्र बदललेलं असतं, आणि विक्रीची मुदत तिथून पुन्हा मोजायची.