एन-क्वीन्स: आधी चारचा पट हाताने सोडव

n × n पटावर n वजीर असे ठेवायचे, की कोणीही कोणाला मारू नये. आठ वजिरांच्या मागे लागू नकोस, पेपरात बहुतेक वेळा चारचाच पट येतो. ओळीगणिक एकच वजीर, म्हणून `x[k]` म्हणजे k व्या ओळीतल्या वजिराचा स्तंभ. k व्या ओळीत i हा स्तंभ चालेल का, हे आधीच्या प्रत्येक ओळीशी, म्हणजे j शी, ताडून बघायचं. तपासायचं एवढंच: स्तंभ तोच आहे का, आणि तिरकस रेष:

```
abs(x[j]-i) == abs(j-k)
```

`abs` विसरलास की एका बाजूची तिरकस सुटते.

आता 1, 3 ठेव; तिसऱ्या ओळीत जागाच नाही. 1, 4, 2 ठेव, चौथी अडते. इथे बरेचजण थेट पहिल्या ओळीवर उडी मारतात. तसं नाही, आधी तिसऱ्या ओळीतले उरलेले स्तंभ बघ, मग दुसरीतले. तिथेही संपले, तेव्हाच पहिला वजीर 2 वर. मग 2, 4, 1, 3 जमतं. हे सगळे प्रयत्न दाखवणाऱ्या झाडात अडलेल्या फांद्याही काढ, गुण त्यांनाच असतात.