कायद्याच्या संप्रदायांच्या जोड्या लावताना गोंधळ होतो, काय करावे?

प्रश्न: «सेटच्या सरावात नैसर्गिक, ऐतिहासिक, समाजशास्त्रीय आणि वास्तववादी संप्रदाय त्यांच्या मुख्य विधानांशी जुळवताना माझं दरवेळी समाजशास्त्रीय कुठेतरी चुकतं. ओळखायचं कसं?»

चूक बहुतेक तुमच्या पाठांतरात नाही, ‘समाज’ या शब्दात आहे. तो शब्द दिसला की आपण डोळे मिटून समाजशास्त्रीय टिकमार्क करतो. मीही केलंय, दोन वर्षं सलग.

नैसर्गिक संप्रदाय सोपा आहे. विवेक, नीती, ‘अन्यायी कायदा कायदाच नव्हे’ यांतलं काही दिसलं की तो. ‘सार्वभौमाची आज्ञा’ दिसली, तर ते ऑस्टिनचं विश्लेषणात्मक मत आहे. तुमच्या चौघांत ते नाही, पण फसवायला हमखास टाकतात.

खरी गफलत ऐतिहासिक संप्रदायाचा सॅव्हिनी आणि समाजशास्त्रीय संप्रदायाचा एर्लिख यांच्यात होते. 1814 मध्ये तिबो या प्राध्यापकाने सगळ्या जर्मनीसाठी एकच नागरी संहिता करावी असं सुचवलं. सॅव्हिनीने लगेच विरोध केला. कायदा भाषेसारखा लोकांच्या जाणिवेतून हळूहळू उगवतो, तो बसून रचायची वस्तू नाही, हा त्याचा मुद्दा. म्हणून ‘लोकचेतना’, ‘रूढी’, ‘भाषेप्रमाणे वाढतो’ असं असेल तर ऐतिहासिक.

एर्लिखही समाजाकडेच बोट दाखवतो, पण आजच्या समाजाकडे. तो बुकोविनातल्या चेर्नोवित्सला शिकवायचा. तिथे ऑस्ट्रियाची 1811 ची नागरी संहिता लागू होती. तरी रोमानियन शेतकऱ्याचा मुलगा कुठे मजुरीला लागला की पगाराच्या दिवशी बाप येऊन पैसे घेऊन जायचा. मुलाने निमूट द्यायचे. पुस्तकात काही का असेना, लोक पाळत होते ते हे. यालाच तो ‘जिवंत कायदा’ म्हणतो. तेव्हा पर्यायात ‘कायद्याच्या विकासाचं गुरुत्वकेंद्र कायदेमंडळात किंवा न्यायनिर्णयात नसून समाजात आहे’ असं असेल, तर ते एर्लिखचं, म्हणजे समाजशास्त्रीय.

याच वाक्यातल्या ‘न्यायनिर्णयात नसून’ या शब्दांमुळे वास्तववादी पर्याय गळतो, कारण वास्तववाद्यांची नजर नेमकी कोर्टावर असते. होम्स 1897 मध्ये म्हणाला की कोर्ट प्रत्यक्षात काय करेल याचं भाकीत म्हणजे कायदा. त्यासाठी त्याने ‘वाईट माणूस’ उभा केला: त्याला नीतीशी घेणंदेणं नाही, कोर्ट आपलं काय करेल एवढंच हवं.

एक सापळा राहतोच. ‘पुस्तकातला कायदा आणि व्यवहारातला कायदा’ हे ऐकायला वास्तववादी वाटतं, पण 1910 च्या लेखाचं ते शीर्षक रॉस्को पाउंडचं आहे, आणि पाउंड समाजशास्त्रीय. त्याचाच ‘सामाजिक अभियांत्रिकी’ हा शब्द मात्र एवढा ओळखीचा आहे की तिथे कुणी चुकत नाही.