मान ताठ धरू नका, ती हलवायलाच शिका

कानातली तोलाची नस दुखावल्यापासून चक्कर येईल म्हणून मान हलवतच नाही, हे तुमचं वाचून माझेच पहिले महिने आठवले. व्हायरसने डाव्या कानाची तोल सांभाळणारी नस गेली, तेव्हा मीही मान ताठ धरून चालायचो. सुरुवातीची सगळ्यात मोठी चूक हीच. डोकं वळवताना नजर सरकते, अक्षर पुसट होतं, आणि नजरेच्या त्या चुकीवरूनच मेंदू नजर स्थिर धरायला नव्याने शिकतो. डोकं हललंच नाही, तर त्याला कळणार कसं?

सुरुवातीला एवढंच करा:

- भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एक ठळक अक्षर चिकटवा. हातभर अंतरावर बसून नजर त्यावर ठेवा आणि 'नाही' म्हणताना हलवतो तशी मान एक मिनिट हलवा. दिवसातून 3 ते 5 वेळा. अक्षर पुसट होऊ लागेल त्याच्या जरा आतला वेग धरा.
- कोपऱ्यात पाठ करून, पुढे खुर्ची ठेवून, पाय जुळवून उभे राहा. हे जमलं की मगच डोळे मिटा.

थोडं गरगरायलाच हवं. पण ते 15-20 मिनिटांत निवळलं नाही, तर पुढच्या वेळी वेग कमी करा.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, त्या हे शिकणं लांबवतात. तापात किंवा जागरणानंतर तोल पुन्हा जातो, तेव्हा घाबरू नका, बहुधा काही दिवसांत सावरतो. मात्र अचानक ऐकू कमी आलं, दोन-दोन दिसलं किंवा जीभ जड झाली, तर व्यायाम थांबवून लगेच दवाखाना गाठा.