जीवेने कापलेल्या वर्तुळखंडाचं क्षेत्रफळ कसं काढायचं?

त्रिज्या १० सेमी, कोन १२०°, उत्तर कसं काढू? त्रिकोणाची उंची मिळतच नाहीये.

आधी पूर्ण वर्तुळपाकळी काढ, १२० म्हणजे ३६० चा तिसरा भाग, म्हणून ३.१४ × १०० ÷ ३ = १०४.६७ चौसेमी. आता यातून दोन त्रिज्या आणि जीवा यांचा त्रिकोण वजा करायचा, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते कारण ते पाया आणि उंची दोन्ही १० धरून मोकळे होतात, पण त्या दोन त्रिज्यांमधला कोन ९०° असेल तरच ते चालतं. केंद्रातून जीवेवर लंब टाक, कोनाचे ६०-६० असे दोन भाग होतात, म्हणजे ३०-६०-९० चा त्रिकोण मिळाला, उंची ५ आणि अर्धी जीवा ५√३ म्हणजे ८.६५ (√३ = १.७३ धरून). त्रिकोण = ८.६५ × ५ = ४३.२५.

वर्तुळखंड = १०४.६७ − ४३.२५ = ६१.४२ चौसेमी.

पडताळायचं असेल तर बघ, खंडाची रुंदी १७.३ आणि जास्तीत जास्त उंची १० − ५ = ५, म्हणजे तो ८६.५ च्या आयतात बसायलाच हवा, त्याहून मोठं उत्तर आलं तर नक्की गडबड आहे. मोठा वर्तुळखंड विचारला असेल तर ३१४ मधून ६१.४२ वजा कर, २५२.५८.