पणजी का उठली नाही

"आई, तू ओटीचं सांगितलंस, गुळाचं सांगितलंस. मग पणजी जागची उठली का नाही, ते का नाही लिहिलंस? तुला त्याची लाज वाटते का?"

प्रिय सई,

काल रात्री तू हे विचारलंस आणि मी "उद्या सांगते" म्हणून भांडी घासत राहिले. पुस्तकदिनाला, २३ एप्रिलला, तू वर्गात माझ्या नलूआत्याच्या गोष्टीतलं, मी भाषांतर केलेलं एक पान स्पॅनिशमध्ये वाचणार आहेस, म्हणून त्याआधी लिहून ठेवते.

ते पान आपल्या गुहागरच्या घरातलं आहे. नलूआत्याने गोष्टीत नावं बदलली, पण मला सगळं ओळखू येतं, कारण तांदळाचं सूप धरून मीच उभी होते. नऊ वर्षांची असेन. आजोबा गेल्यानंतरचा तो पहिला मे महिना. आत्या महिनाभर माहेरी राहून पुण्याला निघाली होती. माझ्या आईने, म्हणजे तुझ्या आजीने, तिला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, पदरात नारळ-खण ठेवून ओंजळीने तांदूळ घातले. आत्याने त्यातले चिमूटभर सुपात परत टाकले, माहेरी काही उरावं म्हणून. मग गोष्टीत एवढंच आहे: "'येते हं,' ती म्हणाली. आई माजघराच्या उंबऱ्याशी बसली होती. ती उठली नाही." ही आई म्हणजे तुझी पणजी.

पहिल्या खर्ड्यात मी ओटीला तळटीप दिली होती: 'सुफलतेचा विधी'. छापील पुस्तकांत असंच काहीतरी असतं. मग ती मोठ्याने वाचून पाहिली आणि दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे तू वर्गात वाचणार आहेस, आणि वाचताना तळटीप कुठे म्हणणार? दुसरं म्हणजे ती खोटी वाटत होती. आत्याची दोन्ही मुलं तेव्हा कॉलेजात होती. त्या सकाळी सुफलतेचं कोणाच्या मनात नव्हतं. मुलीला रिकाम्या पदराने जाऊ द्यायचं नाही, एवढंच होतं.

मग 'ओटी' हा शब्द तसाच ठेवून पाहिला. पण मराठीत ओटी म्हणजे आधी पदराची ती खोळ, जिच्यात काही घालता येतं, आणि विधी त्यानंतर. स्पॅनिश कानाला 'ओटी' म्हणजे नुसता एक परका आवाज, त्यात तांदूळ कुठे पडणार? शेवटी सापडला तो शब्द तुझ्या रोजच्या बोलण्यातलाच: रेगाथो. तू त्याचा अर्थ मांडी असा करतेस, पण रिआल अकादेमियाच्या शब्दकोशात पहिला अर्थ कपड्याचा आहे, घागऱ्याचा कंबरेपासून गुडघ्यापर्यंत खोलगट होणारा घोळ. मांडी त्यानंतर येते. अगदी आपल्या ओटीसारखंच. म्हणून लिहिलं, 'ले येनो एल रेगाथो दे आर्रोथ', तिचा रेगाथो तांदळाने भरला. नारळ आणि खण पुढच्या शब्दांत आलेच. भावजय नणंदेला पाटावर बसवून हे करते आहे म्हटल्यावर हा काहीतरी मानाचा प्रकार आहे हे तुझ्या वर्गाला कळेल. नेमकं नाव कळलं नाही तरी चालेल.

गुळाला पानेला लिहिलं, कारण पानेलाही उसाचा रस आटवूनच करतात. तुझ्या मेक्सिकोच्या मैत्रिणीला मात्र तो शब्द ऐकून चीज आठवेल, त्यांच्याकडे गूळ म्हणजे पिलोनसियो. तिला आधी सांगून ठेव.

'येते हं'वर मी तीन दिवस अडले. निघताना 'जाते' म्हणायचं नाही हे मला कोणी समजावून शिकवलं नाही. एकदा शाळेत निघताना तसं म्हणाले तेव्हा माझ्या आजीने, म्हणजे तुझ्या पणजीने, हाताला धरून परत घरात घेतलं आणि "येते म्हण" म्हणाली. तुला मी तसं कधी धरलं नाही, धरायला हवं होतं का ते मला अजून ठरवता आलेलं नाही. स्पॅनिश तर येण्याजाण्यात आपल्यापेक्षा कडक. आपण हाक आली की "आले, आले" म्हणतो, इथे "या बोय", जाते. आदिओस लिहिलं तर आत्याचा निरोप कायमचा वाटतो. मग आठवलं, खालच्या मजल्यावरची बाई पाव आणायला निघाली की दारातून म्हणते, "आओरा बेंगो", आत्ता येते. शब्दाला शब्द बसतो, पण ती दहा मिनिटांत परत येते. आत्या वर्षाने येणार होती. तरी तेच ठेवलं. वर्षभरासाठी निघालेली बाई पाव आणायला निघाल्यासारखं बोलते, हे ऐकणाऱ्याला किंचित खटकेल. खटकू दे, कारण 'येते' म्हणण्यात तेवढं लपवणं असतंच.

आता तुझा प्रश्न. शब्द असेल तर त्याला दुसरा शब्द शोधता येतो. इथे शब्दच नाही. मराठी वाचणाऱ्याला उंबऱ्याशी बसलेली आई दिसली की कळतं: ती विधवा आहे, ओटी तिने भरायची नाही, स्वतःच्या मुलीचीसुद्धा नाही. आत्याने म्हणूनच लिहिलं नाही. स्पॅनिश ऐकणाऱ्याला वाटेल आई रागावली आहे, किंवा तिचे गुडघे दुखतायत. हा अर्थ पूर्ण उलटा होतो, आणि तो मी तसाच सोडला होता. तू बरोबर पकडलंस.

लाज वाटते का? वाटते. आणि तुझ्या वर्गासमोर पणजीला बिचारी करायचं नव्हतं, हेही खरं. ती बिचारी नव्हती. घराच्या किल्ल्या तिच्या कनवटीला असायच्या, आंब्याचा हिशोब ती ठेवायची. त्या सकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा तिने मला जवळ बोलावलं, माझ्या मुठीत गुळाचा खडा ठेवला आणि "नलूला दे" म्हणाली. तिने तो स्वतः दिला नाही आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मला आज जास्त बोचतं. माझ्या आईनेही सासूला एकदाही "तुम्ही भरा" म्हटलं नाही. ती वाईट नव्हती. तिला तसं सुचलंच नसेल. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला तेव्हा आईने फोनवर मला ती बातमी दोनदा वाचून दाखवली. पुढे काही बोलली नाही.

तर पानात एक बदल केला आहे. 'उठली नाही'च्या शेजारी मी काही घातलेलं नाही. तिथे 'कारण ती विधवा होती' म्हटलं की आत्याचं वाक्य मोडतं, धडा होतो. त्याऐवजी वर पहिल्याच परिच्छेदात, जिथे आई पहाटे उठून चूल पेटवते, तिथे एक शब्द वाढवला: 'ला माद्रे, ब्युदा', आई, विधवा. आत्याने न लिहिलेला हा एकच शब्द. तिथून उंबऱ्यापर्यंत अकरा ओळी आहेत. तेवढ्यात वर्ग तो विसरणार नाही, आणि आई उठली नाही की आपला आपण जोडेल. कोणी विचारलं तर तू सांग, तुला वाटेल तसं.

आत्याला फोन करून परवानगी घेतली. ती म्हणाली, "घाल. मला तेव्हा तो शब्द आईसाठी लिहवला नाही." मग म्हणाली, गुळाचा खडा तिने एसटीत खाल्ला नव्हता, पुण्याला पोचेपर्यंत रुमालात वितळला.

नवं पान फ्रिजवर लावलंय. 'आओरा बेंगो'नंतर जरा थांब, मग पुढचं वाच.

आई