नाकारलेल्या असाइनमेंटवर नेमका अभिप्राय कसा मागावा? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : असाइनमेंटवर फीडबॅक मागितला तर कंपनी आपले नाव काळ्या यादीत टाकते, असे मित्र सांगतात. हे खरे आहे का? (म्हापसा)

नाही. सभ्य भाषेत एकदा विचारल्याने काहीही बिघडत नाही. दिवसाआड स्मरणपत्रे पाठवली किंवा निर्णयावर हुज्जत घातली, तर मात्र नाव नको त्या कारणासाठी लक्षात राहते. मित्रांच्या ऐकीव गोष्टींवर विसंबून गप्प बसू नये.

प्रश्न : नकाराचा मेल जानेवारीत आला. तेव्हा धीर झाला नाही. आता मे महिन्यात विचारले तर चालेल का? (काणकोण)

विचारा, परंतु उत्तराची फारशी अपेक्षा ठेवू नका. असाइनमेंट तपासणारी व्यक्ती बहुधा त्याच विभागात काम करणारी असते. आपले रोजचे काम सांभाळून ती पाच-दहा जणांचे काम पाहते, गुणपत्रकात गुण भरते आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी लिहिते. भरती पूर्ण झाली की ते गुणपत्रक कोणी पुन्हा उघडत नाही, तुम्ही दिलेल्या लिंकची मुदत संपते आणि तपासनिसाला तुमचे काम आठवतही नाही. म्हणून नकार कळल्यापासून दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरात विचारावे. उशीर होतो तो बहुतेक संकोचामुळेच, आणि त्या संकोचापायी मिळण्याजोगे उत्तर हातचे जाते, हे मी सतत पाहतो.

प्रश्न : ‘कृपया माझ्या असाइनमेंटवर सविस्तर फीडबॅक द्यावा’ असे नम्रपणे लिहिले होते. ‘इतर उमेदवार अधिक योग्य वाटले’ एवढेच उत्तर आले. माझे काय चुकले? (फोंडा)

नम्रतेत काही चुकले नाही, प्रश्नात चुकले. पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडून हीच तक्रार याच शब्दांत येत असल्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहितो.

‘सविस्तर फीडबॅक द्या’ हे वाक्य वाचणाऱ्या भरती अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तांत्रिक बाजू त्याला बहुधा ठाऊक नसते. उत्तर द्यायचे तर त्याने तपासनिसाला गाठायचे, तपासनिसाने तुमचे सगळे काम पुन्हा उघडून त्यावर अर्धा तास घालवायचा, आणि जे लिहिले जाईल त्यावरून पुढे वाद होणार नाही याची खात्री कोणी द्यायची? नेमणुकीची कारणे लेखी देण्याबाबत कंपन्या आधीच सावध असतात. ‘माझी निवड का झाली नाही’ या प्रश्नाचे खरे उत्तर तर इतर उमेदवारांशी तुलना केल्याशिवाय देताच येत नाही, आणि ती तुलना कोणी लिहून देणार नाही. त्यामुळे ठरावीक मजकूर पाठवणे हाच त्याच्यासाठी सोपा मार्ग उरतो.

उत्तर मिळवायचे असेल तर निर्णयाविषयी न विचारता कामाविषयी विचारावे, आणि तेही कामातील एकाच जागेविषयी. फोंड्याच्याच एका मुलीचे उदाहरण तिच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून देतो. तिने डेटा विश्लेषकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. वीस खोल्यांच्या हॉटेलच्या वर्षभराच्या बुकिंगची फाइल तिला देण्यात आली होती. प्रत्येक महिन्याची ऑक्युपन्सी काढून त्यावर एका पानाचे टिपण लिहायचे होते. नकार आल्यावर तिनेही आधी तुमच्यासारखेच पत्र लिहिले आणि तिलाही तुमच्यासारखेच उत्तर आले.

दुसरे पत्र लिहिण्याआधी मी तिला स्वतःची फाइल तपासनिसाच्या नजरेने पुन्हा पाहायला सांगितली, आणि जेथे तिने मनाने काही ठरवले होते तेथे खूण करायला लावली. ऑक्युपन्सी म्हणजे उपलब्ध खोली-रात्रींपैकी किती विकल्या गेल्या याचे प्रमाण. डिसेंबरचे 31 दिवस आणि 20 खोल्या धरल्या तर उपलब्ध खोली-रात्री 620 होतात. तिच्या मोजणीत विकलेल्या रात्री 651 आल्या होत्या, म्हणजे ऑक्युपन्सी 105 टक्के. नाताळ आणि नववर्षाच्या गर्दीत ओव्हरबुकिंग झाले असेल असे मानून तिने सूत्र घालून तो आकडा 100 वर आणला होता आणि टिपणात त्याविषयी एक शब्दही लिहिला नव्हता. विचारण्याजोगी जागा हीच होती. तिने इंग्रजीत पाठवलेल्या मेलचा आशय असा होता :

‘निर्णय मला मान्य आहे आणि फेरविचाराची विनंती नाही. माझ्या असाइनमेंटमध्ये डिसेंबरची ऑक्युपन्सी 105 टक्के आली, 620 पैकी 651 रात्री. ओव्हरबुकिंग समजून मी ती 100 केली आणि टिपणात तसे नोंदवले नाही. उणीव आकडा बदलण्यात होती, की 651 ही मोजणीच चुकीची होती? हा प्रश्न तपासणाऱ्यांकडे पाठवता आला तर आभारी राहीन. एका ओळीचे उत्तरही पुरेसे आहे.’

चार दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले. मोजणीच चुकीची होती, कारण तिने प्रत्येक बुकिंगच्या सगळ्या रात्री पाहुणा ज्या महिन्यात आला त्याच महिन्यात धरल्या होत्या. आणि 105 हा आकडा ती चूक दाखवत असतानाच तिने तो झाकून टाकला, हे तपासनिसाला अधिक खटकले होते. 28 डिसेंबरला आलेला आणि 4 जानेवारीला गेलेला पाहुणा सात रात्री राहतो. त्यांपैकी चार डिसेंबरच्या आणि तीन जानेवारीच्या. रात्री अशा विभागून मोजल्यावर डिसेंबरच्या 596 रात्री भरल्या आणि ऑक्युपन्सी सुमारे 96 टक्क्यांवर आली.

या पत्राला उत्तर का आले, ते नीट पाहा. भरती अधिकाऱ्याला त्यातील काहीही समजावून घ्यावे लागले नाही, जसेच्या तसे पुढे पाठवता आले. तपासनिसाला फाइल उघडावी लागली नाही, कारण आकडे पत्रातच होते. दोन पर्याय समोर असल्यामुळे त्यांतला एक निवडून कारण लिहिणे दोन मिनिटांचे काम होते. इतर उमेदवारांचा उल्लेख नव्हता आणि पुढे वाद होणार नाही हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट केले होते. डिझाइनच्या किंवा लेखनाच्या असाइनमेंटलाही हीच पद्धत चालते. ‘मांडणी कशी वाटली’ असे न विचारता ‘खोली निवडण्याआधीच तारीख विचारणारा पडदा ठेवला, हा क्रम अडचणीचा वाटला का’ असे विचारावे.

तरीही या पद्धतीची मर्यादा सांगायला हवी. नेमका प्रश्न विचारूनही पुष्कळदा उत्तर येत नाही. आठवड्यानंतर एक स्मरणपत्र पाठवावे आणि मग थांबावे. शिवाय सांगितलेली उणीव हेच नकाराचे कारण होते असेही गृहीत धरू नये, कारण एका जागेसाठी चार चांगली कामे आली की तीन परत जातातच. कोणता प्रश्न विचारावा हेच सुचत नसेल, तर मेल पाठवण्याआधी त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला आपले काम दाखवा. नेमकी जागा पुष्कळदा त्यांनाच आधी दिसते.

प्रश्न : नकाराच्या मेललाच उत्तर पाठवले, पण काहीच आले नाही. (डिचोली)

पत्ता पाहा. त्यात `no-reply` असेल तर तुमचे पत्र कोणीही वाचलेले नाही. असाइनमेंट ज्या व्यक्तीने पाठवली किंवा मुलाखतीची वेळ ज्यांनी ठरवली, त्यांनाच लिहा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर प्रोग्राम व्यवस्थित चालत होता. मग फीडबॅकमध्ये विचारायचे तरी काय? (वास्को)

आत्ता काहीच विचारू नका. आधी तुमचा कोड दुसऱ्या संगणकावर नव्याने उतरवून घ्या आणि तुम्हीच लिहिलेल्या `README.md` मधील सूचनांपलीकडे काहीही न करता तो चालतो का, ते पाहा. चालला नाही तर उत्तर तुमच्या हातात आहे. चालला तर वर सांगितल्याप्रमाणे एका निर्णयाविषयी विचारा.

प्रश्न : मडगावात एक जण पैसे घेऊन ‘कंपनीच्या आतून’ असाइनमेंटचा खरा स्कोअर आणून देतो, असे म्हणतात. घ्यावा का? (केपे)

अजिबात नाही. तो कागद खोटा असेल तर तुमचे पैसे बुडाले. खरा असेल तर कोणीतरी कंपनीची गोपनीय माहिती विकली आणि ती विकत घेणाऱ्यांत तुमचे नाव लागले. ‘खात्रीने उत्तर मिळवून देणारे’ पत्राचे तयार नमुने विकणाऱ्यांविषयीही माझे मत वेगळे नाही. तुमच्या कामातील जागा त्यांना ठाऊक नसते, म्हणून ते नमुने पुन्हा ‘सविस्तर फीडबॅक द्यावा’ याच वाक्यावर येऊन थांबतात. बेरोजगार मुलांच्या अगतिकतेवर चाललेला हा व्यवहार पाहून मनस्वी राग येतो.

प्रश्न : नकार दिल्यानंतर कंपनीच्या वेबसाइटवर माझ्या असाइनमेंटसारखाच मजकूर दिसला. फीडबॅकच्या मेलमध्ये हे विचारू का? (पणजी)

नाही, हे दोन विषय एकत्र करू नका. अभिप्राय मागणारे पत्र आरोपाचे झाले की ते सरळ कंपनीच्या वकिलाकडे जाते. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार सर्वसाधारणपणे निर्माता हाच पहिला मालक असतो. नोकरीत असताना केलेल्या कामाला त्यात अपवाद आहे, पण उमेदवार नोकर नसतो. हक्क दुसऱ्याला देण्यासाठी कलम 19 नुसार लेखी, सही केलेला करार लागतो. मात्र संरक्षण मांडणीला मिळते, नुसत्या कल्पनेला मिळत नाही, आणि असाइनमेंट देताना तुम्ही कोणत्या अटी मान्य केल्या हेही पाहावे लागते. दोन्ही मजकूर आणि पाठवल्याच्या तारखेचा मेल जपून ठेवा आणि वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय कंपनीला काहीही लिहू नका.

प्रश्न : माहिती अधिकारात अर्ज करून असाइनमेंटचे गुण मिळतील का? (साखळी)

खासगी कंपनीकडून नाही. 2005 चा माहिती अधिकार कायदा सरकारी आणि सार्वजनिक प्राधिकरणांना लागू आहे. सरकारी भरतीच्या लेखी परीक्षेबाबत, आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केला. मात्र केंद्रीय नागरी सेवा परीक्षेच्या प्रकरणात 2018 मध्ये त्याच न्यायालयाने, अशी माहिती सरसकट देता येणार नाही, असे म्हटले. तुमची परीक्षा कोणत्या प्रकारात बसते हे जाणकाराला विचारून मगच अर्ज करा.

प्रश्न : फीडबॅक मिळाला, पण तो मला पटला नाही. खुलासा पाठवू का? (पर्वरी)

आभाराचे एक वाक्य पाठवा, खुलासा पाठवू नका. निर्णय त्याने बदलणार नाही, आणि पुढच्या उमेदवाराला उत्तर द्यायला तोच तपासनीस कचरेल. तुमची बाजू बरोबर आहे असे वाटत असेल, तर मूळ सूचना, तुमचे काम आणि तो अभिप्राय असे तिन्ही कागद त्या क्षेत्रातील त्रयस्थ व्यक्तीपुढे ठेवा. त्यांनाही तीच उणीव दिसली, तर पुढची असाइनमेंट देण्याआधी ती दुरुस्त करा.