मधाचं बोट आणि कोपराचा गूळ

प्रश्न: डेटिंग अ‍ॅपवर एकाशी जुळलं, अडीच महिने झाले. आठ-दहा दिवसांनी एखादा गोड मेसेज येतो, मी विरघळते, आणि भेटायचं काढलं की 'बघू'. मैत्रीण म्हणते, याला ब्रेडक्रंबिंग म्हणतात. मराठीत याला नेमका शब्द आहे का? आणि अशा मेसेजला उत्तर काय द्यायचं? – एक वाचक, जळगाव

आधी शब्दाकडे बघू. ब्रेडक्रंब म्हणजे पावाचा चुरा, आणि तो वाटेवर टाकत जाण्याचं चित्र ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या संग्रहातल्या एका जर्मन लोककथेत आहे. तिथं जंगलात सोडलेली मुलं घरी परतता यावं म्हणून चुरा टाकत जातात आणि पाखरं तो खाऊन टाकतात. म्हणजे मूळ गोष्टीत चुरा टाकणारा स्वतः हरवलेला आहे. आजच्या वापरात हे उलटं झालंय. टाकणारा आपल्या जागी निवांत असतो आणि चुरा वेचणारा चालत राहतो, कुठंच न पोहोचता.

याचं शब्दशः मराठी करू नका, अशी विनंती. 'तुकडे टाकणं' म्हटलं की आपल्याकडे दारातलं कुत्रं आठवतं, आणि सगळा कमीपणा घेणाऱ्याच्या पदरात पडतो. 'गाजर दाखवणं' जवळचं वाटतं, पण गाजरात एक ठोस वचन असतं: नोकरी देतो, रस्ता करतो. तुमच्या या माणसानं वचन असं दिलेलंच नाही, खरी मेख तिथंच आहे. 'हुलकावणी' पावसाला शोभते. ढग येतात, आशा लावतात आणि निघून जातात. पण हुलकावणी देणारा हाती काहीच ठेवत नाही, आणि इथं थोडंसं खरंच मिळत असतं.

मला मराठीतल्या दोन जुन्या वाक्प्रचारांची जोडी इथं चपखल वाटते. पहिला, मधाचं बोट लावणं. यात मध खरा आहे, चवही खरी लागते, फक्त तो बोटभरच आहे. दुसरा, कोपराला गूळ लावणं. गूळ आपल्याच अंगावर आहे, दिसतो, वास येतो, पण जीभ काही केल्या कोपरापर्यंत पोहोचत नाही. करून बघा. अधूनमधून येणारा गोड मेसेज म्हणजे मधाचं बोट आणि न ठरणारी भेट म्हणजे कोपराचा गूळ. एकट्या गुळानं माणूस फार दिवस अडकत नाही. मधाची चव जिभेवर असते म्हणून तो कोपराकडे बघत बसतो.

क्रियापद हवं असेल तर 'झुलवत ठेवणं' घ्या. मला ते आवडतं ते त्यातल्या 'ठेवणं'साठी. झुलवलं आणि सोडलं, असं नाही. त्या अवस्थेत राखून ठेवलं. आणि त्याची दुसरी बाजूही मराठीत तयार आहे: तो झुलवत ठेवतो, ती झुलत राहते. ठेवणं त्याच्या हातात, राहणं तिच्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला या 'राहणं'पाशी सापडतं, पण त्याआधी एक प्रकरण सांगतो.

माझी भाची भुसावळला असते. तिच्या परवानगीनं लिहितोय. तिचं ज्याच्याशी जुळलं तो मूळचा जळगावचा, नोकरीला नाशिकला, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. मागच्या हिवाळ्यात तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "मामा, तुम्हाला मराठीतलं सगळं कळतं ना, मग हा काय म्हणतोय ते सांगा." आम्ही सहा आठवड्यांतले त्याचे मेसेज कागदावर उतरवले. तारीख, वेळ, मजकूर.

पहिला: "फोटो पाहिला. केळीची बाग तुमचीच का? भारी दिसतेस." मग नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी रात्री पावणेबाराला: "झोपलीस? सहज आठवण आली." तिनं तीन परिच्छेद लिहिले, त्यावर उत्तर "हाहा, खरंय". मग अकरा दिवस शांतता. त्यानंतर आपल्या खान्देशी माणसाला हमखास हलवणारा मेसेज: "बामणोदच्या वांग्यांचं भरीत खाऊ घाल की कधीतरी." ती लगेच म्हणाली, येत्या रविवारीच ये जळगावला, मी डबा घेऊन येते. उत्तर आलं: "नक्की! बघू कसं जमतंय."

'नक्की' आणि 'बघू' एकाच श्वासात. हे वाक्य मी दोनदा वाचलं. मराठीत 'बघू' हा सभ्य नकार आहे, हे आपल्याला लहानपणी आई-वडलांनी शिकवलेलं असतं. 'जत्रेला नेणार ना?' 'बघू.' तेव्हा आपल्याला अर्थ कळत होता. पुढं 'नक्की' लावलं की मोठेपणी कळेनासा होतो.

तुम्हीही तुमच्याकडचे मेसेज असेच उतरवून घ्या आणि त्यातले प्रत्यय बघा. 'भेटू कधीतरी' यात कर्ता 'आपण' आहे, म्हणजे भेट घडवणं कुणा एकाचं काम नाही, आणि 'तरी'नं वेळ पुसून टाकली आहे. 'भेटूया' यात निदान आग्रह आहे. 'मी भेटेन' म्हणणारा स्वतःला बांधून घेतो. आणि ज्याचं खरंच ठरलेलं असतं तो भविष्यकाळ वापरतच नाही. तो म्हणतो, 'शनिवारी भेटतो.' ठरलेल्या गोष्टीला मराठी माणूस सरळ वर्तमानकाळ लावतो. भाचीच्या कागदावर सहा आठवड्यांत एकही 'भेटतो' नव्हतं, एकही वार नव्हता, आणि तिच्या दिवसाबद्दल 'झोपलीस?' पलीकडे प्रश्न नव्हता. माझी आई बाजूला बसून ऐकत होती. ती अहिराणीत म्हणाली, "भेटसूत भेटसूत करी ऱ्हायना, पन कवय ते सांगत नही." आमचं अर्ध्या तासाचं व्याकरण तिनं एका वाक्यात उरकलं.

तसं हे नवीन नाही. मुलगी बघून गेल्यावर 'पत्रिका बघून कळवतो' म्हणणारी स्थळं प्रत्येक घरानं पाहिली आहेत. फरक एवढाच की तेव्हा मधे मध्यस्थ असायचा. आठ दिवसांनी त्याला गाठून 'काय म्हणतात मंडळी?' असं विचारता यायचं, आणि तो मान हलवून खरं काय ते सांगायचा. अ‍ॅपवर मध्यस्थ नाही. विचारायचं काम स्वतःच करावं लागतं.

शहाणी मुलगीही यात का अडकते, याचं कारण प्रयोगशाळेत सापडलेलं आहे. फर्स्टर आणि स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५७मध्ये कबुतरांवरच्या अशा प्रयोगांचा जाडजूड ग्रंथच काढला. चकतीवर चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणे बंद झाल्यावर कबूतर लवकर थांबतं. दाणा कधी मिळेल याचा नेमच नसेल तर दाणे बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहतं. दहा दिवसांनी आलेला 'सहज आठवण आली' हा असाच बिननेमाचा दाणा. रोज आला असता तर त्याची एवढी किंमत राहिली नसती. म्हणून स्वतःला वेडी म्हणू नका.

आता उत्तर. भाचीला पहिल्यांदा लिहायचं होतं, "तू असं का करतोस?" मी नको म्हटलं. 'का' विचारलं की कारण मिळतं, कारण गोड असतं, आणि ते मधाचं आणखी एक बोट होतं. त्याऐवजी आम्ही एकच मेसेज लिहिला, ज्यात 'तरी' नाही आणि 'बघू'ला जागा नाही:

"रविवारी १२ तारखेला सकाळी अकरा वाजता मी जळगावला काव्यरत्नावली चौकात असेन. तासभर चहा घेऊ. येतोस का, ते शुक्रवारपर्यंत कळव."

वार, तारीख, वेळ, जागा आणि उत्तराची मुदत. पहिली भेट असल्यानं जागा वर्दळीची आणि वेळ दिवसाची. (त्या चौकाला नाव दिलंय ते जळगावातून पूर्वी निघणाऱ्या, फक्त कवितेला वाहिलेल्या एका जुन्या मासिकाचं. गोड शब्दांचा निकाल लावायला याहून बरी जागा मला सुचली नाही.)

अशा मेसेजला तीनच तऱ्हेची उत्तरं येऊ शकतात. 'येतो' आलं तर प्रश्न मिटला. 'रविवारी नाही जमत, पण पुढच्या शनिवारी संध्याकाळी आहे मी' असं आलं, तर तो माणूस झुलवत नाहीये. तो कामात असेल, बुजरा असेल, पण त्यानं स्वतः दुसरा वार दिला. हीच खरी कसोटी आहे. मेसेज किती गोड, किती वेळानं आला, यावरून काही ठरवू नका. माझ्या ओळखीत दोन दिवसांनी एका ओळीत उत्तर देणारे आणि ठरल्या वेळेला दहा मिनिटं आधी हजर असणारे लोक आहेत. तिसरं उत्तर म्हणजे पुन्हा मध. भाचीला ते आलं: "अगं हो ना! हा महिना नुसती धावपळ. तू रागावलीस की फार गोड वाटतेस." दुसरा वार नाही. ती रागावलेलीही नव्हती.

दुसऱ्यांदा तारीख द्यायची नाही, असं आमचं आधीच ठरलं होतं. दुसरी दिली की तिसरी द्यावी लागते. तिनं लिहिलं: "तुझ्याशी बोलायला छान वाटलं. पण मला प्रत्यक्ष भेटणारं माणूस हवंय, म्हणून मी इथं थांबते." यात आरोप नाही, टोमणा नाही, आणि मुख्य म्हणजे प्रश्नचिन्ह नाही. प्रश्नचिन्ह ठेवलं की उत्तराला दार उघडं राहतं. 'राहिना का मग', 'तुझं तू बघ' असले फणकारेही टाळा. फणकाऱ्यावर मनधरणी येते आणि मनधरणी फार गोड असते.

तो माणूस वाईटच होता, असं मी म्हणणार नाही. एकटेपणात रात्री पावणेबाराला कुणाला तरी दोन शब्द लिहावेसे वाटणं समजू शकतं, आणि काहींना आपण कुणाला झुलवतोय याची जाणीवही नसते. हे शब्द वर्तणुकीला लावायचे, मनातल्या हेतूला नाही. तुम्हालाही नुसत्या गप्पाच हव्या असतील तर यातलं काहीच करायची गरज नाही. तुम्हाला भेट हवी आहे, म्हणून एवढं लिहिलं.

एक मात्र धरून चाला: थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांत एक बोट मध नक्की येतो, आणि तो नेहमीपेक्षा जास्त गोड असतो. अ‍ॅपवरची जुळणी काढून टाकली नसेल, तर तो वाचायचा आणि ठेवून द्यायचा. वढाळ गुराला एकदा उभ्या पिकात तोंड घालू दिलं की ते पुन्हा तिकडंच वळतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. भाचीला सोळाव्या दिवशी आला: "भरीत राहिलंच की गं आपलं."

तिनं तो मला वाचून दाखवला, म्हणाली, "मामा, गूळ आला." आणि मोबाइल उलटा ठेवून स्वयंपाकघरात गेली. फेब्रुवारी संपत आला होता. भरताची वांगीही आता मिळत नव्हती.